मागच्या वेळच्या गोळ्या आणि या वेळचा ताप

प्रश्न : "कालपासून १०१ ताप आहे, घसा खूप दुखतोय, गिळताना त्रास होतो. मार्चमध्ये अगदी असंच झालं होतं. तेव्हाच्या अझिथ्रोमायसिन ५०० च्या दोन गोळ्या उरल्यात, आणि मिस्टरांच्या दाढेच्या वेळच्या ६२५ च्या चार आहेत. एक्सपायरी पुढच्या वर्षाची आहे. दवाखान्यात गेलं की अर्धा दिवस आणि पाचशे रुपये जातात, आणि डॉक्टर शेवटी हेच लिहून देतात. मग घरातल्याच सुरू केल्या तर काय बिघडलं?"

यातली एकही गोळी आज घेऊ नका. ताप येऊन एक दिवस झालाय, आणि तुम्ही जेवढं लिहिलंय त्यात आजच्या आज अँटिबायोटिक लागावं असं काही नाही. तुमचं वय, मधुमेह किंवा दुसरा कुठला आजार, गरोदरपण, रोजची औषधं यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. त्यावरून काही गोष्टी बदलतात. जिथे बदलतात तिथे मी तसं सांगतो.

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. पावसाळ्यात माझ्यासमोर बसणाऱ्या तापाच्या पेशंटपैकी बरेच जण घरातलं काहीतरी घेऊन आलेले असतात. ते निष्काळजी नसतात. मागच्या वेळी ज्याने गुण आला ते जपून ठेवलं आणि गरज पडली तेव्हा वापरलं, इतका सरळ त्यांचा विचार असतो. अडचण त्या "गुण आला" या आठवणीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मार्चमध्ये तुम्ही अझिथ्रोची पहिली गोळी आजाराच्या कितव्या दिवशी घेतली होती, आठवून पाहा. बहुतेक लोक एक दिवस काढा आणि गुळण्या करतात, दुसऱ्या दिवशी क्रोसिन घेतात आणि तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठतात. घसा दुखण्याचं बहुतेक वेळचं कारण विषाणू असतं. विषाणूमुळे आलेला ताप साधारण तीन ते पाच दिवसांत स्वतःच उतरतो आणि घसाही आठवड्याच्या आत बरा होतो. म्हणजे गोळी पोटात जाते तीच नेमकी आजार उतरणीला लागतो त्या सुमारास. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय शेवटच्या औषधाला मिळतं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. तुमचं मार्चचं दुखणं जिवाणूचं नव्हतंच असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण गोळ्या संपायच्या आत बरं वाटलं आणि दोन उरल्या, एवढ्यावरून ते गोळ्यांमुळेच बरं झालं असंही म्हणता येत नाही.

आता घशाबद्दल. जिवाणूमुळे घसा येतो तेव्हा सगळ्यात महत्त्वाचा जंतू असतो स्ट्रेप्टोकोकस, आम्ही थोडक्यात स्ट्रेप म्हणतो. घसा दुखतो म्हणून येणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये तो साधारण दहातल्या एकात निघतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत जास्त, तीन-चार मुलांमागे एकात. तो ओळखायला मी चार गोष्टी बघतो : ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा पू आहे का, जबड्याखाली पुढच्या बाजूला गाठी आल्यात आणि त्या दाबल्यावर दुखतात का, आणि खोकला नाही ना. ही चौथी खूण लोकांना उलटी वाटते. घशाबरोबर खोकला असेल, नाक वाहत असेल, आवाज बसला असेल, डोळे लाल असतील, तर स्ट्रेप असण्याची शक्यता कमी होते आणि विषाणूची वाढते. पेशंट मात्र मला सांगतात, "डॉक्टर, खोकला पण आहे, म्हणजे इन्फेक्शन जास्त आहे." आणि या चारही खुणा जुळल्या तरी निम्म्याच लोकांत स्ट्रेप निघतो. आरशासमोर मोबाइलचा टॉर्च मारून घशात पाहिलं आणि लाल दिसलं, एवढ्यावर काहीच ठरत नाही. विषाणूनेही घसा लालबुंद होतो.

तरीही धरून चालू की तुमचा अंदाज बरोबर आहे आणि हा स्ट्रेपच आहे. मग घरातल्या गोळ्यांचा हिशोब करू. स्ट्रेपसाठी पहिली पसंती पेनिसिलिन किंवा साधं अमॉक्सिसिलिन, आणि ते दहा दिवस द्यायचं असतं. ६२५ मध्ये अमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्हुलॅनिक अॅसिड १२५ असतं. ती दिवसातून दोनदा घेतली तर चार गोळ्या दोन दिवसांत संपतात. अझिथ्रो हे ज्यांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे त्यांच्यासाठी ठेवलेलं औषध, आणि स्ट्रेपसाठी ते पाच दिवस द्यावं लागतं. तुमच्याकडे दोन गोळ्या आहेत. शिवाय पेनिसिलिन स्ट्रेपवर आजही चालतं, अझिथ्रोबद्दल तेवढी खात्री देता येत नाही, कारण त्याला दाद न देणारे स्ट्रेप आता सापडतात. म्हणजे अंदाज चुकला तर औषध वाया गेलं, आणि अंदाज बरोबर निघाला तर औषध अपुरं पडलं. उरलेल्या गोळ्यांचं हे नेहमीच असं असतं. उरतात त्या दोन-चारच, कुठल्याही नव्या आजाराचा पूर्ण कोर्स घरात उरलेला नसतो.

दहा दिवसांचा आग्रह का, हेही सांगतो. बरेचसे जिवाणूंचे आजार आता पूर्वीपेक्षा कमी दिवसांच्या औषधाने बरे करतात, त्यामुळे "कोर्स जितका लांब तितका चांगला" असं सरसकट म्हणता येत नाही. स्ट्रेपच्या घशात मात्र आपला हेतू फक्त घसा बरा करण्याचा नसतो, घसा तसाही बरा होतो. या जंतूनंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. सांधे सुजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे हृदयाच्या झडपा खराब होतात. आपल्याकडे हा आजार अजून गेलेला नाही. तिशीतल्या बाईला गरोदरपणात पहिल्यांदा धाप लागते आणि तपासणीत लहानपणीच खराब झालेली झडप सापडते, असे पेशंट आजही दिसतात. हे टाळायला जंतू घशातून पूर्ण जावा लागतो, म्हणून दहा दिवस. दोन दिवसांच्या गोळ्यांनी दुखणं कमी होतं, जंतू राहतो, आणि बरं वाटतंय म्हणून माणूस दवाखान्यात येतच नाही.

याच आजारात तुमच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं, तरी हृदयाचा तो धोका टळतो. म्हणजे आज लगेच काहीतरी पोटात गेलं नाही तर नुकसान होईल, अशी घाई घशाच्या बाबतीत सहसा नसते. दोन दिवस थांबून दाखवायला गेलात तरी हातातलं काही निसटत नाही. घरात पाच-पंधरा वर्षांचं मूल तापाने आणि घशाने आजारी असेल तर मात्र मी इतकं थांबायला सांगणार नाही, त्याला लवकर दाखवा.

पण तुमच्या प्रश्नात घशापेक्षा मला तापाची जास्त काळजी वाटते. घसा दुखणं हे बऱ्याच तापांच्या सुरुवातीला असतं, आणि पहिल्या दोन दिवसांत हे ताप एकमेकांसारखेच दिसतात. "लक्षणं तीच आहेत" असं तुम्ही म्हणता, पण ताप, अंगदुखी आणि घसा ही लक्षणं टायफॉइडमध्येही असतात, डेंग्यूमध्येही असतात आणि साध्या फ्लूमध्येही. वेगळेपण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसायला लागतं. मधे घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे नेमकं ते वेगळेपण पुसलं जातं. एक उदाहरण सविस्तर सांगतो. माणसाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

तिशीच्या आतला एक तरुण, गोडाऊनला कामाला, दुपारचं जेवण बाहेर. जुलैमध्ये ताप आला, डोकं दुखत होतं, घसा खवखवत होता. दुसऱ्या दिवशी त्याने घरातल्या अझिथ्रो ५०० च्या तीन गोळ्या काढल्या आणि रोज एक अशा घेतल्या. १०२ चा ताप ९९-१०० वर आला. भूक नव्हती, संध्याकाळी अंग गरम लागायचं, पण तो कामावर जायला लागला. घरच्यांना वाटलं, अशक्तपणा आहे. आठव्या दिवशी ताप १०३ वर गेला, पोट फुगल्यासारखं झालं, आणि तेव्हा तो माझ्याकडे आला. जिभेवर पांढरा थर, कडा लाल, पोटात उजव्या बाजूला खाली दाबल्यावर दुखत होतं, प्लीहा थोडी हाताला लागत होती. मला टायफॉइड वाटत होता.

टायफॉइड पक्का करायची खरी तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर. औषध सुरू करायच्या आधी, शक्यतो पहिल्या आठवड्यात, मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त एका बाटलीत, जमल्यास अशा दोन बाटल्यांत घेतात आणि त्यात जंतू वाढतो का ते पाहतात. जंतू वाढला की कोणतं औषध त्याच्यावर चालेल हेही त्याच रिपोर्टमध्ये कळतं. आपल्याकडे हे कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण पूर्वी टायफॉइडला हमखास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता इथल्या बऱ्याचशा टायफॉइडच्या जंतूंवर चालत नाही. या कल्चरला एक मर्यादा मुळातच आहे. औषध न घेतलेल्या पेशंटमध्येसुद्धा साधारण निम्म्याच वेळा जंतू हाती लागतो, कारण रक्तात त्याची संख्या फार कमी असते. त्यात आधी दोन-तीन अँटिबायोटिकच्या गोळ्या पडल्या की ही शक्यता आणखी खाली येते. रक्तातले जंतू तात्पुरते कमी होतात, शरीरात दडलेले तसेच राहतात.

या तरुणाच्या बाटल्यांत काहीच वाढलं नाही. टायफॉइडची विडाल ही रक्ततपासणी मधल्यामध्ये आली, आणि आपल्याकडे विडालवर एकटीवर भरवसा ठेवता येत नाही. मागे येऊन गेलेला आजार किंवा घेतलेली लस यामुळेही ती वाढलेली दिसते. अस्थिमज्जेच्या कल्चरमध्ये औषधानंतरही जंतू सापडण्याची शक्यता बरी असते, पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी ते सहज होणारं काम नाही. शेवटी लक्षणांवरून टायफॉइड धरून त्याला अॅडमिट केलं आणि सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शनं सुरू केली. टायफॉइडचा ताप बरोबर औषधालाही लगेच उतरत नाही, चार-सहा दिवस घेतो. कल्चरचा रिपोर्ट हातात असता तर ते दिवस आम्ही निश्चिंतपणे काढले असते. तो नसल्यामुळे रोज संध्याकाळी ताप चढला की औषध चुकतंय की वेळ लागतोय, हा प्रश्न समोर उभा राहायचा. पाचव्या दिवशी ताप उतरला, तो बरा झाला. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला असता तर बहुधा तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर घरीच बरा झाला असता.

गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की अझिथ्रो हे टायफॉइडवरचं खरंखुरं औषध आहे. मोठ्या माणसाला ते साधारण ५०० ची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस देतात, म्हणजे चौदा गोळ्या. त्याने तीन घेतल्या. औषध बरोबर होतं, म्हणूनच ताप खाली आला, आणि ताप खाली आला म्हणूनच तो सहा दिवस आला नाही. चुकीचं औषध घेतलं असतं तर ताप तसाच राहिला असता आणि तो कदाचित लवकर आला असता. टायफॉइडमध्ये आतड्याला भोक पडणं किंवा रक्तस्राव होणं हे साधारण तिसऱ्या आठवड्यात घडतं. असे वाया गेलेले दिवस तिकडेच नेतात.

डेंग्यूत हेच निराळ्या रीतीने घडतं. डेंग्यू विषाणूचा, अँटिबायोटिकचा त्यात काही उपयोग नाही. त्याचा ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे उतरतो, आणि ताप उतरतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होतो : प्लेटलेट घसरतात, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, ब्लड प्रेशर पडतं. आता दुसऱ्या दिवशी अझिथ्रो सुरू केलेल्या माणसाचा विचार करा. चौथ्या दिवशी ताप गेला. तो म्हणतो, गोळी लागू पडली. ज्या दिवशी त्याने दवाखान्यात असायला हवं त्याच दिवशी तो ड्युटीवर हजर होतो. मलेरिया आहे, आणि भातशेतीत किंवा तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्या लोकांत लेप्टो आहे. यांत प्रत्येकाचं औषध वेगळं आणि प्रत्येकात पहिल्या चार-पाच दिवसांना मोल आहे. म्हणून पावसाळ्यातल्या तापाला मी आधी "घरातलं काय घेतलंत?" हे विचारतो आणि मग पुढचं.

गोळ्यांच्या स्वतःच्या धोक्याकडे येतो, थोडक्यात. अझिथ्रोने काही जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे, त्यावर किंवा मानसिक आजारावर काही औषधं चालू आहेत, जुलाब-उलट्यांमुळे पोटॅशियम कमी झालंय, अशांना हा धोका जास्त. ६२५ ही तुमच्या मिस्टरांना दिलेली होती. त्यांना ती सोसली म्हणून तुम्हाला सोसेलच असं नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर पहिल्याच गोळीला अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास कोंडणं असं होऊ शकतं. या गोळीने क्वचित कावीळ होते, आणि तीही गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी, तेव्हा तिचा संबंध कुणी जोडत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरीचशी अँटिबायोटिक तिचा परिणाम वाढवतात. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने घरातलं सिप्रो किंवा ओफ्लॉक्सासिन घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दवाखान्यात विचारलेल्या प्रश्नांत या गोष्टी निघतात, गोळ्यांच्या डब्यासमोर उभं राहिल्यावर त्या आठवत नाहीत.

जंतू औषधाला सरावतात, हे तुम्ही ऐकलं असेल. लोकांना वाटतं की हे कुठेतरी हॉस्पिटलात किंवा देशपातळीवर घडतं. ते आधी तुमच्या स्वतःच्या आतड्यात आणि घशात घडतं. एक कोर्स घेतल्यावर तिथल्या नेहमीच्या निरुपद्रवी जंतूंमध्ये त्या औषधाला दाद न देणारे वाढतात आणि काही महिने टिकतात. अझिथ्रो तर शरीरात फार रेंगाळतं. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच जवळपास तीन दिवस लागतात, आणि गोळ्या थांबवल्यावर बरेच दिवस ते अंगात अगदी थोड्या प्रमाणात राहतं : जंतू मारण्याइतकं नाही, पण त्यांना सरावायला पुरेल इतकं. मग चार महिन्यांनी तुम्हाला लघवीचं इन्फेक्शन झालं किंवा न्यूमोनिया झाला, तर तेव्हाचा जंतू या सरावलेल्यांपैकी असू शकतो. लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये तोंडाने घ्यायच्या जवळपास सगळ्या औषधांपुढे "रेझिस्टंट" छापलेलं मी पाहतो, आणि पेशंटला सांगावं लागतं की आता रोज इंजेक्शन घ्यायला या.

तुमचा एक मुद्दा मी टाळणार नाही : डॉक्टर शेवटी हेच लिहून देतात. खरं आहे, बऱ्याचदा देतात. सर्दी-खोकल्याला अझिथ्रो लिहिलेल्या चिठ्ठ्या मी रोज पाहतो आणि मला ते पटत नाही. पेशंट पैसे देऊन आलाय, त्याला काहीतरी "स्ट्राँग" हवंय, उद्या तो दुसरीकडे जाईल, ही भीती त्यामागे असते. यावरचा उपाय घरी बसून तेच औषध स्वतः घेणं हा नाही. दवाखान्यात सरळ विचारा, "हे विषाणूचं आहे की जिवाणूचं? अँटिबायोटिक न घेता दोन दिवस थांबलं तर चालेल का?" हा प्रश्न विचारणाऱ्या पेशंटला अँटिबायोटिकशिवाय पाठवणं डॉक्टरलाही सोपं जातं. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने बऱ्याच चिठ्ठ्या छोट्या होतात.

आणि पाचशे रुपये, अर्धा दिवस. हे कमी नाहीत, मला त्याची जाणीव आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि मलेरियाची स्लाइड मोफत होते. बऱ्याच शहरांत आता "आपला दवाखाना" आहेत. सरकारच्या ई-संजीवनीवर घरून व्हिडिओवर डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. व्हिडिओवर गाठी दाबून पाहता येत नाहीत, पण थांबायचं की जायचं हे ठरवायला तेवढं बोलणं पुष्कळदा पुरतं.

मग आज काय करायचं? पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० घ्या, ताप किंवा दुखणं असेल तेव्हाच, दोन गोळ्यांत निदान सहा तासांचं अंतर ठेवून. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर आधी विचारून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन, आणि मेडिकलवाला "अंगदुखीची" म्हणून देतो त्या मिश्र गोळ्या, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून चार-पाचदा गुळण्या करा. पाणी, ताक, भाताची पेज, सूप, जे गिळवेल ते भरपूर घ्या. लघवी नेहमीसारखी होत असेल तर पाणी पुरतंय असं समजा.

एक काम मात्र नक्की करा : थर्मामीटरने ताप मोजून तारीख-वेळेसह लिहून ठेवा, सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि पॅरासिटामॉल कधी घेतली तेही. "रोज ताप येतो" यापेक्षा "चार दिवस संध्याकाळी सहानंतर १०२, सकाळी ९९" हे मला कितीतरी जास्त सांगतं. ताप रोज थोडा चढत चाललाय, की थंडी वाजून येतो आणि घाम येऊन जातो, की दोन दिवस जाऊन परत आलाय, हे त्या कागदावरच दिसतं.

ताप तिसऱ्या दिवशीही १०१ च्या वर असेल तर दाखवा, आणि त्या वेळी रक्ताच्या तपासण्या कराव्यात का हे डॉक्टरांना विचारा. डेंग्यूची एनएस-वन तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची असते. वयस्कर असाल, मधुमेह, गरोदरपण, किडनीचा आजार, स्टिरॉइड किंवा कॅन्सरची औषधं यांपैकी काही असेल, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, उद्याच जा. आणि तोंड उघडता येत नाही, लाळही गिळवत नाही, तोंडात घास असल्यासारखा दबका आवाज येतोय, मानेची एक बाजू सुजली आहे, श्वास घेताना आवाज येतो, धाप लागते, पोटात जोराचं दुखतं, सतत उलट्या होतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, अंगावर लाल ठिपके उठलेत, मान वळवता येत नाही, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो, यांतलं एकही दिसलं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

घरात लहान मूल असेल तर फ्रिजच्या दारातली बाटलीही पाहा. पावडरमध्ये पाणी घालून केलेलं अँटिबायोटिकचं सिरप बाटलीवर छापलेल्या एक्सपायरीपर्यंत टिकत नाही. ती तारीख कोरड्या पावडरची असते. पाणी घातल्यावर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकचं सिरप फ्रिजमध्येही साधारण आठवडाभरच चालतं. शिवाय मुलाचा डोस वजनावर असतो, आणि सहा महिन्यांत मुलाचं वजन बदललेलं असतं.

तुमच्याकडच्या सहा गोळ्या ठेवू नका. शेजारच्या काकूंना किंवा कामवाल्या बाईंना देऊ नका, संडासात किंवा मोरीतही टाकू नका, कारण तिथून त्या नदी-नाल्यात जातात आणि जंतूंना तिथेही सराव होतो. तुमच्या नगरपालिकेत घरगुती घातक कचरा वेगळा घेत असतील तर त्यात द्या. मुदत संपलेली औषधं नियमाप्रमाणे त्याच कचऱ्यात मोडतात. ती सोय नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवी घट्ट बांधा आणि मग कचऱ्यात टाका, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये चिठ्ठीवर लिहिल्यात तेवढ्याच गोळ्या मोजून कापून मागा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स मधेच थांबवावासा वाटला, बरं वाटतंय म्हणून किंवा पोट बिघडलं म्हणून, तर त्यांना फोन करून विचारा. ते थांबवा म्हणाले तर थांबवा, पण उरलेलं जपून ठेवू नका.

हे वाचेपर्यंत तुम्ही एखादी गोळी घेतलीच असेल, तर घाबरू नका आणि दुसरी घेऊ नका. रिकामं पाकीट बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळीचं नाव, पॉवर, किती घेतल्या आणि शेवटची किती वाजता घेतली, एवढं सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. कल्चर आज पाठवायचं की नाही, आणि त्याचा रिपोर्ट "काही वाढलं नाही" असा आला तर त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे त्या एका माहितीवर ठरतं.